प्रदर्शनातला स्टॉल: जागा, वीज आणि शुल्क यांच्या नोंदी

४ जून

व्यापारी प्रदर्शनात यंदा श्रिंक पॅकिंगची पूर्ण लाइन चालू अवस्थेत दाखवायची, असं आजच्या बैठकीत नक्की झालं. खोक्याभोवती फिल्म कापून सील करणारा एल-सीलर, त्याच्या पुढे गरम हवेने ती फिल्म आकसवणारा श्रिंक टनेल आणि सीलरच्या सिलिंडरला हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर. येणाऱ्या माणसाने खोका आत जाताना पाहावा आणि फिल्म घट्ट बसून तो बाहेर पडतानाही पाहावा, एवढीच अपेक्षा आहे. बंद यंत्राशेजारी माहितीपत्रकं ठेवून उभं राहायला माझी तयारी नाही. फिल्म आकसताना डोळ्यांनी पाहिली की गिऱ्हाईक स्वतःहून प्रश्न विचारतं.

आयोजकांकडून स्टॉलचा नकाशा आणि दरपत्रक आलं आहे. नकाशात स्टॉल क्रमांक, वाटा आणि प्रवेशद्वार दाखवलं आहे. वीज कुठून येते, खांब कुठे आहेत, हायड्रंट कुठे आहे यातलं काहीच नाही. जागा निवडण्याआधी लोड काढायचं, मगच आयोजकांना फोन करायचा. विजेची गरज आकड्यात हातात असली की जागेचे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

६ जून

इलेक्ट्रिशियनला घेऊन लोड काढलं. नेमप्लेटवर जे लिहिलंय ते धरलं, अंदाज कुठेच लावला नाही.

टनेलमध्ये दीड किलोवॉटचे तीन हीटर आहेत, शिवाय ब्लोअर आणि कन्व्हेयर मिळून ०.३. म्हणजे ४.८ किलोवॉट. सीलर १ किलोवॉट. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर दीड किलोवॉट आहे, पण ती मोटरच्या शाफ्टला मिळणारी शक्ती. लाइनमधून तो सुमारे २ किलोवॉट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण १० अँपिअर. स्क्रीन, चार्जर आणि जादा दिवे मिळून ०.३. एकूण ८.१ किलोवॉट.

दरपत्रकातल्या तयार स्टॉलमध्ये तीन बाजूंच्या भिंती, कार्पेट, नावाची पाटी, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे आणि ५ अँपिअरचा एक सॉकेट येतो. त्या सॉकेटवर ५०० वॉटची मर्यादा आहे. फोनवर विक्रीतले लोक ‘वीज आहेच स्टॉलमध्ये’ म्हणतात ती ही वीज. त्यावर स्क्रीन आणि चार्जर चालतील, आमचा एक हीटरसुद्धा चालणार नाही.

टनेल सध्या सिंगल फेजवर जोडलेला आहे. ४.८ किलोवॉट म्हणजे जवळपास २१ अँपिअर, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर ते बसत नाही. तिन्ही हीटर २३० व्होल्टचे असल्यामुळे प्रत्येकी एका फेजवर, स्टारमध्ये जोडता येतात. पॅनेलमध्ये तशी सोय आहेच, फक्त लिंकपट्ट्या बदलायच्या. तेव्हा थ्री फेज कनेक्शन मागायचं, न्यूट्रलसह.

७ जून

आज कागदावर फेजवार वाटणी केली. कॉम्प्रेसर पहिल्या फेजवर, सीलर दुसऱ्यावर, ब्लोअर-कन्व्हेयर तिसऱ्यावर आणि प्रत्येक फेजवर एकेक हीटर. पहिल्या फेजवर साडेसोळा अँपिअर येतात, दुसऱ्यावर अकरा, तिसऱ्यावर आठ.

वीज किलोवॉटमध्ये विकली जाते, पण एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, अँपिअर बघून पडतो. थ्री फेजचे ८ किलोवॉट तिन्ही फेजवर सारखे वाटले तर फेजला साडेअकरा अँपिअर होतात, आणि तेवढ्यासाठी कोणीही ठेकेदार १६ अँपिअरचा एमसीबी लावून मोकळा होईल. आमची पहिली फेज मात्र साडेसोळावर उभी आहे. इतक्या किंचित जास्त लोडवर तो लगेच पडणार नाही, तापत राहील आणि भर दुपारी गर्दीत पडू शकेल. म्हणून मागणी नुसती ‘८ किलोवॉट’ अशी करायची नाही. ‘थ्री फेज, फेजला २५ अँपिअर’ असं लिहायचं.

कॉम्प्रेसरचा दुसरा त्रास सुरू होतानाचा. मोटर थेट लाइनवर सुरू झाली की क्षणभर नेहमीच्या सहापट करंट ओढते, म्हणजे आमच्याकडे ६० अँपिअरच्या आसपास. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या तीन ते पाचपट करंटवर तत्काळ पडतो. १६ अँपिअरचा बी असेल तर ती पट्टी ४८ ते ८० ची, म्हणजे आमचे ६० बरोबर मधोमध. कधी चालेल, कधी पडेल. सी प्रकार पाच ते दहापटीवर पडतो. मुख्य एमसीबी २५ अँपिअरचा सी असला तर १२५ च्या खाली तो तत्काळ हलणार नाही आणि कॉम्प्रेसर निवांत सुरू होईल. हा एक अक्षराचा फरक अर्जात लिहायलाच हवा.

९ जून

आयोजकांच्या विक्री विभागातल्या मॅडमशी बोलणं झालं. त्यांनी आधी जागाच विचारली. ‘सर, प्रवेशद्वारासमोरचा कोपरा अजून शिल्लक आहे, आज होल्ड करून ठेवू का?’ मी म्हटलं, ‘मॅडम, होल्ड जरूर करा, पण तिथून डीबी, म्हणजे वीज वाटपाची पेटी, किती लांब आहे ते आधी सांगा.’ हा प्रश्न त्यांना नवा होता, पण त्यांनी टाळला नाही. हॉलच्या वीज ठेकेदाराला विचारून कळवते म्हणाल्या.

लगेच लेखी मेल केला. नोंदीसाठी इथे ठेवतो:

‘आम्हाला १२ चौरस मीटरचा, शक्यतो दोन बाजूंनी उघडा तयार स्टॉल हवा आहे. आमचं चालू यंत्रांचं लोड ७.८ किलोवॉट असून त्यासाठी न्यूट्रल व अर्थिंगसह थ्री फेज, फेजला २५ अँपिअर, सी प्रकारचा एमसीबी लागेल. स्क्रीन आणि दिवे स्टॉलसोबत मिळणाऱ्या सॉकेटवर चालवू. कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. खांब, हायड्रंट, केबलच्या चारी आणि डीबी दाखवणारा हॉलचा नकाशा. प्रत्येक उपलब्ध स्टॉलपासून सर्वांत जवळच्या डीबीचं अंतर आणि येणाऱ्या केबलचा आकार. वीज सकाळी किती वाजता सुरू होते आणि संध्याकाळी किती वाजता बंद होते. मांडणीच्या दिवसांत वीज मिळते का आणि तिचं वेगळं शुल्क आहे का. वीज शुल्क जोडलेल्या लोडवर आहे की मीटरवर. आणि जागेच्या भाड्याखेरीज लागणाऱ्या प्रत्येक शुल्काची यादी.’

स्क्रीन आणि दिव्यांचे ०.३ किलोवॉट मुद्दाम वेगळे काढले. दरपत्रकात वीज पूर्ण किलोवॉटमध्ये वरच्या बाजूला धरली जाते. ८.१ सांगितले असते तर ९ चे पैसे लागले असते, ७.८ चे ८ होतात.

१३ जून

नकाशा आला. आता कुठे हॉल खरा दिसू लागला.

डीबी मागच्या भिंतीलगत आणि हॉलच्या मधल्या चारीत आहेत. प्रवेशद्वाराच्या बाजूला एकही नाही. पंधरा मीटरपर्यंतची केबल शुल्कात धरलेली, त्यापुढे मीटरला वेगळा दर. तीन स्टॉल आमच्या मापात बसतात. सोयीसाठी त्यांना अ, ब, क म्हणतो.

अ म्हणजे प्रवेशद्वारासमोरचा कोपरा, डीबीपासून ४० मीटर. ब मधल्या ओळीतला, एकच बाजू उघडी, डीबी ८ मीटरवर. क हा मागच्या अर्ध्यातला कोपरा, दोन बाजू उघड्या, डीबी १२ मीटर. मागच्या कोपऱ्यात ६० सेंटिमीटर चौकोनी खांब आहे आणि पलीकडच्या वाटेवर चहापाण्याची जागा.

अ चं अंतर मला सतावतंय. ठेकेदाराने केबलचा आकार कळवलाय २.५ चौरस मिलिमीटर. असा तांब्याचा ४० मीटर जाऊन ४० मीटर परत येणारा मार्ग म्हणजे साधारण ०.६ ओहम रोध. चालू कॉम्प्रेसरच्या १० अँपिअरला ६ व्होल्टची घट होते, ती काही नाही. पण सुरू होताना ६० अँपिअर गेले की घट ३५ व्होल्टच्या घरात जाते आणि मोटरला १९५ च मिळतात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो जेमतेम ७२ टक्क्यांवर येतो. टाकीत दाब असताना कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला बघेल तेव्हा तो गुरगुरत बसेल, वेग पकडायला वेळ घेईल, आणि तेवढा वेळ जादा करंट वाहत राहून शेवटी ओव्हरलोड रिले पडेल. त्याच फेजवरचे दिवे दर वेळी मिचकतील ते वेगळंच. १२ मीटरवर हीच घट दहा-अकरा व्होल्टची आहे. जाणवणारही नाही.

४० मीटरला चार चौरस मिलिमीटरची केबल मागता येते, घट २२ व्होल्टपर्यंत खाली येते. पण मग जादा केबलचे पैसे, आणि वाट ओलांडायची तर तिच्यावर रॅम्प. अग्निसुरक्षेच्या पाहणीत वाटेतल्या रॅम्पला हरकत घेतली गेली तर मांडणीच्या आदल्या रात्री काय करणार?

१६ जून

वेळांचं उत्तर आलं. वीज प्रदर्शन उघडण्याआधी एक तास सुरू होते आणि बंद झाल्यावर अर्ध्या तासाने मुख्य स्विच खाली येतो. सकाळी अडचण नाही, टनेल वीस मिनिटांत तापतो. संध्याकाळी मात्र आहे. टनेल गरम असताना वीज गेली तर ब्लोअर आणि कन्व्हेयर थांबतात, आतली उष्णता एकाच जागी साठून पट्टा आणि रोलरची आवरणं खराब होतात. आधी हीटर बंद करायचे आणि ताप शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत कन्व्हेयर व ब्लोअर चालू ठेवायचे, हा नियम आहे. आमच्या टनेलला त्याला पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात.

चोवीस तास वीज मिळते, पण तिचा दर जवळजवळ दुप्पट. ती शीतपेट्या आणि सर्व्हरवाल्यांसाठी ठीक आहे. आम्ही शेवटचं प्रात्यक्षिक बंद होण्याच्या वीस मिनिटं आधी संपवू आणि तिथेच हीटर बंद करू. मग थंड व्हायला पन्नास मिनिटं मिळतात. पाटीवर प्रात्यक्षिकांच्या वेळा छापायच्याच आहेत, त्यात ही वेळ धरली की झालं.

शुल्क मीटरवर नाही, जोडलेल्या लोडवर आहे. म्हणजे टनेल तापल्यावर हीटर आलटून पालटून चालू-बंद होतात आणि सरासरी खप निम्म्याच्या आसपास राहतो, त्याचा पैशात काही फायदा नाही. पण म्हणून लोड कमी सांगण्यात अर्थ नाही. ठेकेदार सांगितलेल्या लोडप्रमाणेच एमसीबी बसवतो.

१८ जून

शुल्काचं गणित. ‘चौरस मीटरला इतके’ हा आकडा पाहून तुलना करता येत नाही, म्हणून १२ चौरस मीटरच्या मूळ भाड्याला १०० धरलं आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडलं.

ब स्टॉलला भाडं १००, वीज १६, मांडणीच्या दिवसांतली वीज ४, सक्तीचं नोंदणी व विमा शुल्क ७. एकूण १२७. क ला दुसऱ्या उघड्या बाजूचे १० वाढतात, म्हणजे १३७. अ ला ते १० आहेतच, शिवाय दर्शनी जागेचे १५ आणि जादा केबलचे ६, म्हणजे १५८. या सगळ्यावर कर. परत मिळणारी अनामत वेगळी, तिच्यावर कर नाही. तिन्ही ठिकाणी जागेच्या भाड्यावर चौथा हिस्सा ते निम्म्याहून जास्त भर पडते, आणि हे सगळं दरपत्रकाच्या चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेलं होतं.

मांडणीच्या विजेचे ४ वाचवावेत असं हिशेबनिसांचं म्हणणं. मला ते पटत नाही. टनेलचे हीटर काही महिने गोदामात पडून आहेत. हीटरच्या नळीतली भुकटी हवेतली ओल शोषते आणि मग थंड हीटरमधून जमिनीकडे थोडा करंट गळतो. स्टॉलच्या स्वतःच्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असतो, तो एवढ्यानेही पडतो. इथून निघायच्या आधी हीटर तापवून सुकवूच, पण प्रवासानंतर प्रत्यक्ष जागी पुन्हा तपासल्याशिवाय उद्घाटनाच्या सकाळी पहिल्यांदा स्विच टाकणं धोक्याचं आहे. ४ ठेवले.

१९ जून

स्टॉल क घ्यायचा.

अ ची गर्दी मोठी, पण प्रवेशद्वाराशी माणसं थांबत नाहीत. पिशव्या, पास, नकाशे सावरत पुढे सरकतात, आणि आमचं प्रात्यक्षिक पाहायला निदान दोन मिनिटं उभं राहावं लागतं. ब स्वस्त आहे, पण एकाच उघड्या बाजूमुळे लाइन भिंतीला समांतर लावावी लागेल आणि टनेलचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाईल. गरम हवा त्यांच्या अंगावर सोडणं बरं नाही. क मध्ये लाइन लांब उघड्या बाजूने बसते, खोका एका टोकाला ठेवलेला दिसतो आणि दुसऱ्या टोकाला, कोपऱ्याच्या वाटेवर, बाहेर पडताना दिसतो. चहापाण्याच्या रांगेतली माणसं तिथे उभी असणारच.

खांबाबद्दल सवलत विचारली. नियमात नाही म्हणाले. हरकत नाही, खांबाशेजारी भिंतीच्या आडोशाने कॉम्प्रेसर बसतो आणि तिथपर्यंत केबलही सरळ येते.

२३ जून

करारनामा वाचला. दोन कलमांवर बोलावं लागलं.

पहिलं, ‘आयोजक आवश्यकतेनुसार स्टॉलची जागा बदलू शकतात.’ हे कलम काढत नाहीत, मला माहीत होतं. म्हणून जोड मागितली: बदली जागा दोन बाजूंनी उघडी आणि डीबीपासून पंधरा मीटरच्या आत असावी, तशी देता आली नाही तर पूर्ण रक्कम परत. मॅडम म्हणाल्या, ‘असं आजवर कोणी मागितलं नाही हो.’ मी त्यांना व्होल्टेजची बेरीज-वजाबाकी दाखवली. मग जोडपत्र सहीसह आलं. त्यांनी वरिष्ठांकडे पाठपुरावा केला म्हणून हे झालं, त्यांचे मनापासून आभार मानले.

दुसरं, विजेची मागणी वेगळ्या अर्जात करायची असून तो अर्ज मुदतीनंतर गेल्यास पंचवीस टक्के जादा. स्टॉलचं बुकिंग झालं म्हणजे वीज मिळाली असं नाही, हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि दोन वेगळ्या विभागांकडे जातात. अर्ज आजच भरला. ‘लोड’ च्या रकान्यात एवढी जागा नव्हती, म्हणून फेजवार वाटणीचा कागद आणि स्टॉलचा आराखडा जोडला. आराखड्यावर स्टॉलची डीबी कुठे हवी ती खूण केली आहे: मागच्या भिंतीला, खांबाच्या उजवीकडे, हात पोचेल अशा उंचीवर. खूण केली नाही तर ती नेमकी टनेलच्या मागे येऊन बसते.

२७ जून

पहिला हप्ता भरला. भरण्याआधी स्टॉल क्रमांक, मोजमाप, उघड्या बाजू आणि एकूण शुल्क एकाच पुष्टीपत्रात मागून घेतलं. त्यात वीज ‘८ किलोवॉट’ एवढीच लिहून आली होती. परत पाठवलं, आणि ‘थ्री फेज, न्यूट्रलसह, फेजला २५ अँपिअर, सी’ असं दुरुस्त होऊन आल्यावरच पैसे सोडले.

१२ सप्टेंबर

वीज ठेकेदाराच्या माणसाशी थेट बोललो. स्टॉलच्या आतली जोडणी आमच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनने करायची, डीबीपर्यंतची त्यांची. जोडणीनंतर तपासणीचा दाखला आम्ही द्यायचा, त्याशिवाय ते स्विच टाकणार नाहीत. दाखल्याचा नमुना मागवून घेतला.

शेजारच्या स्टॉलला आमच्याच डीबीतून फाटा देणार का, हेही विचारलं. देणार होते. त्यांची यंत्रं बिघडून आरसीसीबी पडला तर आमचा टनेल गरम असताना थांबेल, म्हणून स्वतंत्र आरसीसीबी मागितला. तो जादा शुल्काविना मिळाला.

८ नोव्हेंबर

मांडणीचा दिवस. केबल १२ ऐवजी १४ मीटर आली, पंधराच्या आतच. काहीही जोडण्याआधी डीबीवर मोजमाप घेतलं: तिन्ही फेज ते न्यूट्रल २३१, २२९, २३२. न्यूट्रल पक्का आहे हे आधी बघणं आमच्या बाबतीत फार महत्त्वाचं. फेजवरचा भार असमान आहे, आणि न्यूट्रल सुटलेला असेल तर हलक्या फेजवरचं व्होल्टेज चढून त्यावरचा ब्लोअर आणि नियंत्रक जळतो.

एकेक हीटर वेगळा लावून पाहिला. तिसऱ्यावर आरसीसीबी एकदा पडला. तो सोडून बाकीच्या दोन हीटरांवर टनेल अर्धा तास गरम ठेवला, आतली ओल गेली, मग तिसरा जोडल्यावर टिकला. त्यानंतर पूर्ण लोडवर कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहिला. सुरू होताना पहिली फेज २३१ वरून २२० पर्यंत उतरते आणि लगेच सावरते. क्लॅम्प मीटरवर चालू करंट १६.७.

उद्या सकाळी वीज सुरू झाल्याबरोबर आधी टाकी भरून घ्यायची, मग हीटर. शेवटचं प्रात्यक्षिक बंद होण्याच्या वीस मिनिटं आधी संपेल असा वेळापत्रकाचा कागद डीबीच्या दारावर आतून चिकटवला आहे. अनामत परत मिळवण्यासाठी डीबी आणि भिंतींचे आजचे फोटो फोल्डरमध्ये टाकले.